उणे एक विद्यार्थी नापास

रविवारी रात्री साडेदहाला एका विद्यार्थ्याचा मेल आला. विषयाच्या जागी नुसतं ‘असाइनमेंट ४’ होतं, त्यामुळे मुदत वाढवून मागणारा नेहमीचा मेल असेल असं समजून मी तो सकाळवर ढकलणार होते. उघडला तर आत सहा-सात ओळी होत्या. मॅडम, शुक्रवारी मी जे सबमिट केलं ते माझं नाही. गेल्या वर्षीच्या एका सिनियरच्या फोल्डरमधून घेतलं आणि फक्त व्हेरिएबलची नावं बदलली. आज सहज एक वेगळी यादी देऊन पाहिली तर ते चुकीचं उत्तर देतंय. `-1` च्या जागी `low` लिहिलं की उत्तर बरोबर येतं, करून बघितलं. तसं करून पुन्हा देऊ का? की आणखी काही करायला लागेल? आणि सिनियरचं नाव सांगावं लागेल का?

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर्स शिकवते. ‘छापलेल्या’ असाइनमेंट दर वर्षी येतात, त्यात नवल नाही. पण पकडलं जाण्याआधी आपण होऊन सांगणारा आणि वर ‘आता हे सरळ कसं करू’ असं विचारणारा क्वचितच भेटतो. असं विचारल्यावर ‘बरं झालं सांगितलंस, पुन्हा करू नकोस’ एवढ्यावर भागत नाही, काय करायचं ते नीट सांगावं लागतं. मी त्याला लिहिलेलं उत्तर पुढे देते आहे. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. पण आधी असाइनमेंट काय होती ते सांगायला हवं, नाहीतर उत्तरातलं अर्धंअधिक समजणार नाही.

परीक्षेच्या गुणांची एक यादी आहे, कमीकडून जास्तीकडे लावलेली. त्यात ४० पेक्षा कमी गुण किती जणांना आहेत ते सांगायचं. पहिल्यापासून मोजत गेलं तरी उत्तर येईल, पण यादी लाखाची असेल तर ते मोजणं लांबतं. यादी क्रमाने लावलेली आहे याचा फायदा घ्यायचा तर आधी मधला आकडा बघायचा. तो ४० पेक्षा कमी असेल तर त्याच्या डावीकडचे सगळेच कमी, त्यांच्याकडे पुन्हा बघायला नको. नसेल तर उजवीकडचे सगळे बाद. उरलेल्या अर्ध्यात पुन्हा मधला बघायचा. लाखाची यादी अशी अर्धी-अर्धी करत गेलं तर सतरा वेळा बघून काम होतं. याला बायनरी सर्च म्हणतात. शब्दकोशात शब्द शोधताना आपण हेच करतो, फक्त पानं मोजून बरोबर मधोमध उघडत नाही.

गेल्या वर्षी मी हाच प्रश्न थोडा वेगळा विचारला होता: ४० गुण यादीत आहेत का, आणि असतील तर पहिल्यांदा कुठल्या स्थानावर? दोन्ही प्रश्न जुळ्या भावंडांसारखे आहेत. प्रोग्रॅममध्ये स्थानं शून्यापासून मोजतात, त्यामुळे पहिला ४० जर स्थान १२ वर असेल तर त्याच्या आधी बरोबर १२ जण आहेत, म्हणजे ४० पेक्षा कमीवाले १२. गेल्या वर्षीचं उत्तर या वर्षी जसंच्या तसं दिलं तरी चालून जातं. अट एकच, यादीत कोणाला तरी बरोबर ४० गुण हवेत. आपल्याकडे ग्रेस मार्कांच्या कृपेने बरोबर चाळीसवाले नेहमी मुबलक असतात, अडतीस-एकोणचाळीसवालेच दुर्मिळ. त्यामुळे मी नमुन्याला दिलेल्या तिन्ही याद्यांवर सिनियरचा प्रोग्रॅम अगदी बरोबर चालला. तो असा होता:

```c
int shodh(int a[], int n, int x) {
    int low = 0, high = n - 1;
    while (low <= high) {
        int mid = (low + high) / 2;
        if (a[mid] == x) {
            while (mid > 0 && a[mid-1] == x) mid--;
            return mid;
        }
        if (a[mid] < x) low = mid + 1;
        else high = mid - 1;
    }
    return -1;
}
```

शेवटची ओळ बघा. शोधलेला आकडा यादीत नसेल तर हा `-1` असं उत्तर देतो, म्हणजे ‘सापडला नाही’. गेल्या वर्षीच्या प्रश्नाला ते बरोबर होतं. या वर्षी मात्र १२, २८, ३५, ३८, ४१, ५५, ५५, ७२ अशी आठ जणांची यादी दिली की प्रोग्रॅम सांगतो, ४० पेक्षा कमी गुण मिळालेले विद्यार्थी: उणे एक.

आता उत्तर.

*

तुझा मेल वाचला. आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं बघू, कारण तो मेल लिहिताना तू बहुधा तिथेच सर्वांत जास्त वेळ अडला असशील. सिनियरचं नाव मला नको. तू काय केलंस एवढंच तू सांगायचंस. पण त्याला मात्र सांग, की तुझी फाइल मी माझ्या नावाने दिली होती आणि आता मॅडमना सांगितलंय. त्याने फोल्डर कशासाठी दिलं होतं, मला माहीत नाही. कदाचित नुसतं बघायला दिलं असेल. उद्या तीच फाइल आणखी तिघांकडून माझ्याकडे आली आणि मी चौकशीला लागले, तर ती त्याच्यापर्यंत जाईल. तेव्हा हे त्याला माझ्याकडून कळू नये.

शुक्रवारची फाइल तशीच राहू दे. काढून टाकू नकोस आणि तिच्याच नावाने नवी फाइल चढवू नकोस. झालेली नोंद पुसून वर दुसरी लिहिली तर त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत. नवी फाइल वेगळ्या नावाने दे आणि तिच्या डोक्यावर तीन-चार ओळींत लिही, की आधीची कुठून आली होती, त्यात तुझं किती होतं आणि या वेळी कशाची मदत घेतलीस. असं काहीसं:

```c
/* शुक्रवारी दिलेली फाइल माझी नव्हती.
   गेल्या वर्षीच्या सिनियरची होती,
   मी फक्त चार नावं बदलली होती.
   ही नव्याने लिहिली. मदत: वर्गातली वही. */
```

‘थोडी मदत घेतली होती’ असं लिहू नकोस. त्या वाक्यातून मला काहीच कळत नाही. चार नावं बदलली असशील तर चार असंच लिही.

गुणांचं सांगते. या असाइनमेंटला शून्य मिळेल आणि नवी फाइल कितीही चांगली असली तरी ते शून्यच राहील. टर्मवर्कच्या पंचवीस गुणांमागे अशा दहा असाइनमेंट आहेत, त्यामुळे नुकसान फार मोठं नाही, पण आहे. तुझ्याच बॅचमधल्या एका मुलीने दोन संध्याकाळी घालवून जे दिलंय ते रिकाम्या यादीवर कोसळतं. तिला मी दहापैकी सहा दिलेत. तुला दुसऱ्या खेपेला आठ दिले तर तिला मी काय सांगू? यापुढे मात्र ही गोष्ट माझ्यापाशीच थांबेल. टर्मवर्कचे गुण अजून विद्यापीठाकडे गेलेले नाहीत, म्हणून हे मला म्हणता येतंय. गुण गेल्यावर सांगितलं असतंस तर ते माझ्या हातात राहिलं नसतं.

आता `-1` च्या जागी `low` लिहिण्याबद्दल. तू म्हणतोस तसं केल्यावर उत्तर बरोबर येतं, आणि ते खरंच आहे. आठ जणांच्या यादीवर ४ येतं, आणखी कुठल्याही यादीवर बरोबर आकडा येईल. पण का येतं? `low` म्हणजे शोध जिथून सुरू होतो ती डावी हद्द. ४० सापडला नाही की या हद्दीत नेमकी ४० पेक्षा कमीवाल्यांची संख्या कशी काय येऊन बसते? हे तुला सांगता येत नसेल तर तू प्रोग्रॅम दुरुस्त केलेला नाहीस. कुलपाला चार किल्ल्या लावून बघितल्यास, त्यातली एक लागली. याचं कारण मी तुला सांगणार नाही, ते तू मला सांगायचंस.

शिवाय त्या प्रोग्रॅममध्ये आणखी एक खोट आहे आणि ती `low` लिहून जात नाही. एक लाख विद्यार्थ्यांची यादी घे आणि सगळ्यांना ४० गुण दे. मधला आकडा पहिल्याच फटक्यात ४० निघतो, स्थान ४९,९९९. मग आतलं ते छोटं `while` पहिल्या चाळीसपर्यंत एकेक पाऊल मागे चालत जातं, ४९,९९९ पावलं. सतरा पावलांत व्हायचं काम होतं. गुण शून्य ते शंभर एवढेच असतात आणि विद्यार्थी लाखभर, म्हणजे एकाच आकड्याची हजारो माणसं हे आपल्या यादीत नेहमीचंच. तेव्हा ही फाइल दुरुस्त करत बसू नकोस, बाजूला ठेव.

नवी कशी लिहायची ते सांगते. अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत एक गमतीदार नियम आहे. मित्राबरोबर फळ्यावर प्रश्नाची हवी तेवढी चर्चा करा, पण उठताना फळा पुसा, काही लिहून नेऊ नका, मग अर्धा तास टीव्हीवर काहीतरी बिनडोक बघा आणि त्यानंतरच आपलं उत्तर लिहायला बसा. ‘गिलिगन्स आयलंड’ नावाच्या १९६० च्या दशकातल्या विनोदी मालिकेचं नाव त्या नियमाला पडलंय. त्यामागचा हिशेब सरळ आहे. अर्धा तास गेल्यावर डोक्यात जे उरतं ते तुला समजलेलं असतं, आणि नुसतं डोळ्यांना पाठ झालेलं तोवर गळून जातं. तू सिनियरची फाइल दोन दिवस बघतो आहेस, म्हणून तुला अर्ध्या तासाऐवजी एक रात्र जाऊ दे.

मग कॉम्प्युटर न उघडता कागद घे. वर ते आठ आकडे एका ओळीत लिही. उत्तरपत्रिकांचे तीन गठ्ठे डोळ्यांसमोर आण: डावीकडे ४० पेक्षा कमी हे नक्की ठरलेल्या, उजवीकडे ४० किंवा जास्त हे नक्की ठरलेल्या, आणि मधे अजून न पाहिलेल्या. सुरुवातीला सगळ्या मधेच असतात. प्रत्येक वेळी मधल्या गठ्ठ्यातली मधोमधची पत्रिका उचल आणि मला सांग, तिच्यासकट कुठल्या पत्रिका कुठल्या गठ्ठ्यात जातात. मधला गठ्ठा संपला की थांब. ‘तिच्यासकट’ या शब्दाकडे लक्ष दे. बहुतेक चुका तिथेच होतात.

लिहून झालं की पाच याद्यांवर चालव: ती आठ जणांची, सगळे ४० च्या खाली, सगळे ४० च्या वर, सगळ्यांना बरोबर ४०, आणि एकही विद्यार्थी नसलेली. प्रत्येक यादीचं उत्तर आधी हाताने काढून लिहून ठेव, मग प्रोग्रॅम चालव. जिथे दोन्ही जुळणार नाहीत तिथे काय चुकलं होतं ते एका ओळीत टिपून ठेव आणि ती टिपणं फाइलबरोबर मला दे. चुका खोडून स्वच्छ प्रत देऊ नकोस.

गुरुवारी प्रॅक्टिकलनंतर दहा मिनिटं ये. मी एक आकडा बदलेन आणि पुढे काय होईल ते तू मला प्रोग्रॅम न चालवता सांगायचं.

*

उत्तर इथे संपलं. ते कडक झालं का, असं मी नंतर दोघा-तिघा सहकाऱ्यांना विचारलं. एकाचं म्हणणं पडलं, की आपण होऊन सांगितलंय तर निदान अर्धे गुण द्यायचे. दुसऱ्याचं म्हणणं, प्राचार्यांना कळवायला हवं होतं. आपल्याकडे या बाबतीत शिक्षकाला फारसा आधार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे वाङ्मयचौर्यविषयक नियम आहेत. त्यात मजकूर किती टक्के जुळला तर कोणती कारवाई हे बारकाईने दिलंय: दहा टक्क्यांपर्यंत काही नाही, चाळीसपर्यंत प्रबंध सुधारून परत द्यायचा, साठपर्यंत वर्षभर देता येणार नाही, त्याच्या पुढे नोंदणीच रद्द. पण हे सगळं शोधनिबंध आणि प्रबंधांसाठी. असाइनमेंट, टर्म पेपर, प्रकल्प अहवाल, उत्तरपत्रिका या गोष्टी त्या नियमांतून स्पष्टपणे वगळल्या आहेत. म्हणजे ते त्या त्या कॉलेजवर, आणि प्रत्यक्षात त्या त्या शिक्षकावर येऊन पडतं.

मला धीर आला तो हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नियमामुळे. तिथल्या सीएस५० या प्रसिद्ध प्रोग्रॅमिंग अभ्यासक्रमात डेव्हिड मलान यांनी २०१४ पासून पश्चात्तापाचं एक कलम घातलं आहे. विद्यार्थ्याने नियमबाह्य काही केलं, पण ७२ तासांच्या आत येऊन सांगितलं, तर त्या कामाला शून्य किंवा नापास देता येतं, मात्र प्रकरण विद्यापीठाच्या शिस्त समितीकडे जात नाही. वारंवार करणाऱ्याला ही सवलत नाही. या कलमात मला आवडलं ते हे, की सांगणाऱ्याला गुण परत मिळत नाहीत. सांगितल्याबद्दल बक्षीस ठेवलं असतं तर छापून सांगणं हासुद्धा एक हिशेब झाला असता. ७२ तासांची मुदतही बरोबर वाटते. सबमिशनच्या आदल्या रात्री तीन वाजता डोकं जसं चालतं तसं ते झोप झाल्यावर चालत नाही, आणि मुदत संपायच्या आत एक-दोन झोपा होतातच. माझ्या विद्यार्थ्याला या कलमाचा पत्ता नव्हता, पण शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र म्हणजे तोही त्या मुदतीत बसतो.

माझा स्वतःचा इतिहास इथे सांगायला हवा, नाहीतर मी फारच सोवळी वाटेन. पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या शीट आम्ही ‘जीटी मारून’ पूर्ण करत असू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन खुर्च्यांवर काच ठेवायची, खाली दिवा, काचेवर मैत्रिणीची झालेली शीट आणि तिच्यावर आपली कोरी, मग नुसतं गिरवायचं. हॉस्टेलवर ती एक काच खोल्याखोल्यांतून फिरायची. एका शीटवर मी लपलेली कड दाखवणारी तुटक रेघ सलग काढली होती, कारण मूळ शीटवरच ती सलग होती. ओरलला परीक्षकांनी त्या रेघेवर पेन्सिल टेकवून विचारलं, ही कड समोरून दिसते का? मी हो म्हणाले. माझ्यानंतर गेलेल्या दोघींनाही त्यांनी तेच विचारलं, आणि दोघीही हो म्हणाल्या. मी कोणाकडे जाऊन काही सांगितलं नाही.

छापताना बरोबर काय आहे यापेक्षा चूक काय आहे ते जास्त नेमकं उतरतं. बायनरी सर्चचाच इतिहास बघा. जॉन बेंटली यांनी १९८६ च्या ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’ या पुस्तकात लिहिलंय, की व्यावसायिक प्रोग्रॅमरांना त्यांनी हा प्रोग्रॅम लिहायला दोन तास दिले, तर जवळजवळ नव्वद टक्क्यांच्या प्रोग्रॅममध्ये चुका निघाल्या. पण त्या पुस्तकातल्या प्रोग्रॅममध्येही एक चूक शिल्लक होती. सिनियरच्या फाइलमध्ये आहे तशीच `(low + high) / 2` ही ओळ. यादी एक अब्जाच्या वर गेली की ही बेरीज `int` च्या मर्यादेबाहेर, म्हणजे २,१४,७४,८३,६४७ च्या पलीकडे जाते आणि उणे होते. जावा भाषेच्या अधिकृत लायब्ररीत हीच ओळ सुमारे नऊ वर्षं होती. तो भाग लिहिणारे जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये ती चूक स्वतःच जाहीर केली. त्यात चोरी कुणाचीच नव्हती, सगळं उघड आणि ऋण मान्य करून चाललेलं होतं. तरीही चूक एका हातातून दुसऱ्या हातात गेली, कारण पटलेल्या ओळीकडे कोणी दुसऱ्यांदा बघितलं नाही. आमच्या लाखाच्या यादीला तिचा त्रास नाही, म्हणून विद्यार्थ्याला लिहिताना मी ती काढली नाही.

नावं बदलल्याने काही लपत नाही, हेही जाता जाता सांगते. अ‍ॅलेक्स एकन यांनी १९९४ मध्ये तयार केलेली मॉस नावाची प्रणाली जगभरचे प्रोग्रॅमिंगचे शिक्षक वापरतात. ती प्रोग्रॅममधली नावं आणि मोकळ्या जागा बाजूला सारते, उरलेल्याचे छोटे छोटे एकमेकांवर चढणारे तुकडे करते आणि त्या तुकड्यांचे ठसे दुसऱ्यांच्या ठशांशी ताडून बघते. किती जुळतं एवढंच ती सांगते. कोणी कोणाचं घेतलं हे तिला कळत नाही, ते माणसानेच बसून शोधायचं. या खेपेला मला तिचीही गरज पडली नाही. सोमवारी मी ती आठ जणांची यादी सगळ्या बॅचच्या फाइलींना दिली, आणि त्याच्याशिवाय आणखी चार ठिकाणी उत्तर आलं उणे एक.

या चौघांचं काय करायचं हे मला पत्रापेक्षा जड गेलं. त्याने सांगितलं म्हणून मी बघितलं होतं, पण त्यांचा धागा त्याच्याकडून मला लागला असं व्हायला नको होतं. म्हणून दहा मिनिटांची ओरल मी सगळ्या बॅचला लावली. अठरा जणांचे तीन तास गेले. प्रत्येकाने तीच आठ जणांची यादी कागदावर चालवून दाखवायची. चौघांपैकी तिघं दुसऱ्याच पावलावर थांबले. चौथी मात्र भरभर सगळं सांगत गेली, `-1` कसा येतो तेही, आणि वर म्हणाली, ‘मॅडम, प्रश्न बदललाय हे मी वाचलंच नव्हतं.’ तिने स्वतः लिहून जुनाच प्रश्न सोडवला होता की सिनियरचं घेऊन समजून घेतलं होतं, मला आजही ठरवता येत नाही. तिचा प्रश्नच चुकला म्हणून मी तिला दहापैकी तीन दिले. बाकी तिघांशी वेगळं बोलले, ते इथे नको.

तो गुरुवारी आला तेव्हा हातात वहीची चार पानं होती. नवा प्रोग्रॅम असा होता (आता हा छापून येतोय, म्हणजे पुढच्या वर्षी मला प्रश्न पुन्हा बदलावा लागणार):

```c
int kami(int a[], int n, int x) {
    int lo = 0, hi = n;
    while (lo < hi) {
        int mid = lo + (hi - lo) / 2;
        if (a[mid] < x) lo = mid + 1;
        else hi = mid;
    }
    return lo;
}
```

मधल्या आकड्याची ओळ त्याने सिनियरपेक्षा वेगळी लिहिली होती, आणि अब्जाच्या यादीवर ती टिकते. ‘ही कुठून आली?’ असं विचारलं तर म्हणाला, कागदावर गठ्ठ्याची लांबी काढून तिचं अर्धं डावीकडच्या हद्दीत मिळवलं होतं, तेच उतरवलं. बेरीज मर्यादेबाहेर जाते वगैरे त्याला माहीत नव्हतं.

टिपणांत दोन चुका होत्या. पहिली: `lo = mid + 1` च्या जागी नुसतं `lo = mid` लिहिलं होतं, आणि आठ जणांच्या यादीवर प्रोग्रॅम थांबेचना. ३८ ची पत्रिका उचलायची, कमी आहे म्हणायचं, आणि पुन्हा मधल्या गठ्ठ्यात ठेवायची. पुन्हा तीच उचलायची. टिपणात त्याने लिहिलं होतं, ‘तिच्यासकट विसरलो.’ दुसरी: `hi` ची सुरुवात `n - 1` पासून केली होती. सगळे ४० च्या खाली असलेल्या यादीवर आठच्या जागी सातच नापास येत होते, शेवटचा विद्यार्थी न बघताच पास झाला होता. ही शोधायला पाऊण तास लागला, असं वेळेसकट टिपलं होतं.

मग मी जुनी फाइल उघडली आणि विचारलं, इथे `-1` च्या जागी `low` का चालतं? त्याने टेबलावरच्या जर्नलचे तीन गठ्ठे केले. म्हणाला, ४० कुठेच सापडला नाही तर शेवटी मधला गठ्ठा रिकामा होतो. `low` च्या डावीकडे नुसते कमीवाले, `high` च्या उजवीकडे नुसते जास्तवाले, आणि दोघांच्या मधे कोणी नाही. `low` म्हणजे डाव्या गठ्ठ्याची लांबी. शून्यापासून मोजतो म्हणून तीच संख्या. एवढं सांगून तो थांबला आणि स्क्रीनकडे बघत म्हणाला, ‘पण मॅडम, ४० सापडला तर तो आतल्या `while` मधून बाहेर पडतो, तिथे हे गठ्ठे नाहीतच.’

हे मी त्याला विचारणार नव्हते. मी वहीत असाइनमेंट ४ समोर शून्य लिहिलं, त्याच्या चार पानांवर तारीख घालून सही केली आणि पुढच्या मुलीला आत बोलावलं.